टाकी धुवायची आहे, पाणी बंद राहील

आमच्या अकोल्याच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे आहेत. मी शाळेतून निवृत्त झाले आणि महिनाभरात सगळ्यांनी मिळून मला इमारतीची सचिव करून टाकले. "बाई, तुम्हाला तर आता वेळच वेळ आहे," असे म्हणत. पहिले काम समोर आले ते पाण्याची टाकी धुण्याचे. पावसाळा संपला होता, नळाला महिनाभर गढूळ पाणी आले होते, आणि चौकीदाराने वरच्या टाकीत बांबू घालून तळाचा गाळ मला दाखवला होता. मी टाकी धुणाऱ्या माणसाला बोलावले, शुक्रवार ठरवला आणि गुरुवारी संध्याकाळी लिफ्टजवळ वहीचा एक कागद चिकटवला: "उद्या टाकी साफ करायची असल्याने पाणी बंद राहील. सर्वांनी सहकार्य करावे. सचिव."

छत्तीस वर्षे फळ्यावर सूचना लिहिलेल्या बाईला या दोन ओळींत काही चूक दिसली नाही. चूक रात्री दहा वाजता दिसली. चौकीदार दारात उभा होता. "बाई, टाकी त आत्ताच खाली झाली. वरच्या मजल्यावरचे लोक वरडू राह्यले."

टाकी सकाळी दहाला रिकामी करायची होती, ती बारा तास आधीच रिकामी झाली होती, आणि ती केली होती माझ्याच कागदाने.

हे कसे झाले ते समजायला आमच्या पाण्याची व्यवस्था थोडी सांगायला हवी. अकोल्याला पाणी येते ते काटेपूर्णा नदीवरच्या महानच्या धरणातून. आमच्या भागात नळ चौथ्या दिवशी येतो. आला की जमिनीखालच्या टाक्यात पाणी साठते. त्यात तीस हजार लिटर मावते. तिथून मोटरने ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. ती आठ हजार लिटरची आहे. सोळा घरांना मिळून दिवसाला साधारण आठ हजार लिटर लागते, म्हणजे वरची टाकी ही आमची एका दिवसाची शिदोरी. बोअरही आहे, पण पूर्णाकाठचा हा सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने संडास धुता येतो, फरशी पुसता येते, वजूही होते. पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ते घशाखाली उतरत नाही. त्यामुळे नळाचे पाणी गेले की दुसरा आधार नाही. इथल्या प्रत्येक बाईच्या अंगात हे मुरलेले आहे. "पाणी बंद" एवढे दोन शब्द दिसले की ती पुढचे वाचत नाही, ड्रम शोधायला लागते.

त्या रात्री तेच झाले. सोळा घरांनी ड्रम, टिप, गुंड, बादल्या, पातेली, मुलांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरल्या. एका घराने सरासरी साडेतीनशे लिटर भरले असे धरले, तरी साडेपाच हजार लिटर होते. त्यात संध्याकाळचे रोजचे वापरणे. आणि खालचे टाकेही धुवायचे म्हणून मी मुद्दाम उतरवत आणले होते, तिथून वर चढवायला काही उरले नव्हते. ज्यांनी कागद सहाला वाचला त्यांच्याकडे तीन दिवसांचे पाणी होते. चौथ्या मजल्यावरचे भाईसाहब दुकान बंद करून साडेनऊला आले, त्यांना नळातून फक्त हवा मिळाली.

दुसऱ्या दिवशीचे हाल वेगळेच. "उद्या" हा शब्द कोणी गुरुवारी वाचला, कोणी शुक्रवारी सकाळी. सकाळी वाचणाऱ्यांनी उद्या म्हणजे शनिवार धरला आणि निवांत राहिले. त्यात वार शुक्रवार. जुम्याच्या आंघोळीची वेळ आणि टाकीत माणूस उतरण्याची वेळ एकच. मला स्वतःला हे सुचले नाही याची आजही शरम वाटते. दुपारी तीनला पाणी सोडले, ते मी कोणालाच कळवले नाही, कारण नळ आला की लोकांना कळेलच असे मला वाटले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराने सकाळी नळ उघडून पाहिला होता, पाणी आले नाही म्हणून तसाच सोडून कुलूप लावून ते मुर्तिजापूरला लग्नाला गेले होते. नव्याने भरलेल्या टाकीतले पाणी दोन तास त्यांच्या मोरीतून वाहत होते. तळमजल्यावरच्या काकूंनी आलेले पहिले पाणी थेट फिल्टरला जोडू दिले. पाइपातला सुटा झालेला गाळ आत गेला आणि फिल्टर बसला.

रात्री मी वही घेऊन बसले. दिवसभरात माझ्याकडे अकरा तक्रारी आल्या होत्या. एकेक लिहून काढली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पाणी बंद का ठेवले, ही तक्रार त्यात एकच होती. बाकीच्या दहा तक्रारींचा अर्थ एवढाच होता की आम्हाला कळले नाही: कोणता दिवस, कधीपर्यंत, किती भरू, आले की काय करू.

मला अब्बांची आठवण झाली. माझे माहेर अमरावतीचे. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूसाठी हौज होता आणि अब्बा काही वर्षे कमिटीत होते. वर्षातून दोनदा हौज उपसून धुवायचा. शेवाळाने पायऱ्या इतक्या निसरड्या व्हायच्या की म्हातारी माणसे घसरायची. त्याची सूचना आदल्या जुम्याला नमाजीनंतर सांगितली जायची आणि जिथे चपला काढतात तिथल्या फळीवर खडूने लिहिली जायची. लिहायचे काम माझ्याकडे असे, कारण माझे अक्षर बरे. मजकूर अब्बा सांगायचे आणि तो दरवेळी साधारण असाच असे: "मंगळवारी जोहरपासून इशापर्यंत हौज बंद. वजू घरून करून यावे. बुधवारी फजरला हौज सुरू."

तीन वाक्ये. सहकार्याची विनंती नाही, कारणमीमांसा नाही. कधी बंद, तोवर तुम्ही काय करायचे, आणि पुन्हा कधी सुरू. मंगळवारी तरीही एखादे चाचा बिनवजूचे यायचेच. त्यांच्यासाठी दाराशी चार बधने भरून ठेवलेले असत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तेव्हा ते बधने मला सूचनेचा भाग वाटले नव्हते. आता वाटतात.

सहा महिन्यांनी पुन्हा टाकी धुवायची वेळ आली. एप्रिलचा शेवट, रमजान आणि ईद होऊन गेली होती. या वेळी मी कागद लिहायला आधी बसले नाही, आधी कामाचा क्रम ठरवायला बसले. सूचनेतले अर्धे घोटाळे कामाच्या क्रमातूनच येतात, हे मला पहिल्या वेळी कळले नव्हते.

दोन्ही टाक्या एकाच दिवशी धुवायच्या नाहीत, हा पहिला निर्णय. एक रिकामी असेल तेव्हा दुसरीत पाणी असायला हवे. आणि आधी खालची, मग वरची. वरची आधी धुतली तर खालचा गाळ मोटरने पुन्हा वर चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आमचा नळ रविवारी येणार होता. म्हणून खालचे टाके शनिवारी धुतले, कारण नळाच्या आदल्या दिवशी ते आपोआपच तळाला गेलेले असते आणि पाणी फेकून द्यावे लागत नाही. शनिवारी वरची टाकी भरलेली होती, त्यामुळे कोणाच्या घरात एक थेंबही कमी झाला नाही. शनिवारच्या कामाची सूचना मी फक्त एवढीच दिली की खालच्या टाक्याचे झाकण उघडे राहील, मुलांना अंगणात खेळायला सोडू नका. त्या टाक्यात उतरणाऱ्या माणसाची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. बंद टाक्यातली हवा कोंडलेली असते. झाकणे सकाळपासून उघडी ठेवली, पंख्याने आत हवा सोडली, एक माणूस आत तर दुसरा तोंडाशी दोरी धरून उभा, आणि इंजिनचा पंप आत उतरवू दिला नाही. त्याच्या धुरात माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो.

वरची टाकी मंगळवारी धरली. सोमवारी का नाही? कारण रविवारचा नळ हमखास येईलच याची खात्री आमच्या गावात कोण देणार? मोठी पाइपलाइन कुठे फुटली तर पाळी एक-दोन दिवस पुढे जाते. एक दिवस मोकळा ठेवला आणि सूचनेतच लिहिले की रविवारी नळ आला नाही तर मंगळवारचे काम होणार नाही.

मग "किती भरायचे" याचा हिशेब. वरच्या टाकीचे काम सकाळी दहाला सुरू होऊन अडीचपर्यंत आटोपते. मी स्वतःच्या घरात एक दिवस बादलीने मोजून पाहिले. पाच माणसांच्या घराला दहा ते चार या वेळात संडासाला सत्तर लिटर, भांड्यांना तीस, स्वयंपाक आणि पिणे मिळून वीस, जोहर आणि असरच्या वजूला माणशी दोन-दोन लिटर धरून वीस. एकशेचाळीस लिटर झाले. म्हणजे पंधरा लिटरच्या दहा बादल्या पुरेत. सोळा घरांच्या मिळून चोवीसशे लिटर होतात. मागच्या वेळी लोकांनी साडेपाच हजार लिटर भरले होते, कारण किती पुरेल हे मी सांगितलेच नव्हते. आकडा सांगितला की माणसाचा हात आपोआप थांबतो. सांगितला नाही की भांडी संपेपर्यंत नळ चालू राहतो.

सोमवारी संध्याकाळी सहा ते दहा मोटर चालू ठेवायची, म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही भरता येईल. रात्री टाकी अर्ध्यावर असताना मोटर बंद करायची. मग सकाळच्या आंघोळी होईपर्यंत वरची टाकी तळाला जाते आणि काही फेकावे लागत नाही.

हे सगळे झाल्यावर कागद लिहिला. तो जसाच्या तसा देते:

"मंगळवार, 29 तारखेला गच्चीवरची टाकी धुणार. सकाळी 10 ते दुपारी 4 कोणाच्याही घरात नळाला पाणी येणार नाही. 4 वाजता येईल.
सोमवारी संध्याकाळी 6 ते रात्री 10 पाणी भरून घ्या. पाच माणसांना दहा बादल्या पुरतात. पाणी सगळ्यांना पुरेल, जास्त भरू नका.
मंगळवारी 10 वाजता सगळे नळ बंद आहेत का पाहा. गिझर बंद ठेवा. फिल्टरचा कॉक बंद करा.
पाणी आल्यावर नळ हळू उघडा. पहिली बादली संडासाला वापरा. औषधाचा थोडा वास येईल, तो एक-दोन दिवसांत जाईल.
रविवारी नळ आला नाही तर हे काम पुढे जाईल. तसे सोमवारी दुपारी 12 पर्यंत कळवू.
ज्यांचे पाणी संपेल त्यांच्यासाठी तळमजल्यावर दोन ड्रम भरून ठेवले आहेत.
विचारायचे असेल तर पहिला मजला, सचिव."

काम अडीचला संपणार होते आणि कागदावर चार लिहिले, यात खोटेपणा नाही. दीड तास अडचणीसाठी ठेवला. लवकर आलेल्या पाण्याची तक्रार कोणी करत नाही. पण हे ताणूही नये. दरवेळी "संध्याकाळपर्यंत" लिहून दुपारी बाराला पाणी सोडले तर पुढच्या वेळी लोक तुमच्या वेळेवर भरवसा ठेवत नाहीत.

औषधाच्या वासाची ओळ मुद्दाम घातली. घासून झाल्यावर टाकीच्या भिंतींना ब्लिचिंग पावडरचे पाणी लावतात. बाजारातल्या पावडरीत क्लोरीन साधारण चौथा हिस्सा धरायचा. पंधरा लिटरच्या बादलीला बारा ग्रॅम पावडर, एवढे पुरते. ते अर्धा तास भिंतीवर राहू द्यायचे, धुऊन काढायचे, आणि नव्या आठ हजार लिटर पाण्यात बत्तीस ग्रॅम पावडर वेगळ्या बादलीत कालवून, खाली चुना बसू देऊन, वरचे नितळ पाणी तेवढे ओतायचे. त्यानंतर आणखी अर्धा तास थांबायचे. साबण किंवा कपडे धुण्याची पावडर टाकीत अजिबात नको. पहिल्या वेळी क्लोरीनच्या वासावरून तिसऱ्या मजल्यावर अशी बातमी पसरली होती की टाकीत काहीतरी पडून मेले होते आणि सचिव ते झाकते आहे. आधी सांगितले असते तर तोच वास टाकी स्वच्छ झाल्याची खूण ठरला असता.

कागद गुरुवारी लावला, पाच दिवस आधी. त्याहून आधी लावला की लोक विसरतात. सोमवारी सकाळी तेच मोबाइलच्या गटात टाकले, आणि मंगळवारी साडेनऊला एक ओळ: "अर्ध्या तासात पाणी बंद." गटावर विसंबून मात्र राहता येत नाही. आमच्या गटात सकाळी सकाळी एवढी फुले, दुआ आणि सुविचार येतात की त्याखाली माझा संदेश दबून गेला तर नवल नाही. शिवाय गटात असतात ते घरमालक. दोन घरांत भाडेकरू राहतात, त्यांच्यापैकी कोणीच गटात नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या खालांना मराठी वाचता येत नाही, उर्दू येते. म्हणून नातीकडून उर्दूत एक प्रत लिहून घेतली आणि तीच शेजारी चिकटवली. शारजात असलेल्या माझ्या भाच्याने मागे त्याच्या इमारतीतल्या अशाच सूचनेचा फोटो पाठवला होता. त्यावर तीन भाषा होत्या. तेव्हा मी त्याला हसले होते.

मंगळवारी सगळे ठीक चालले होते. टाकी धुऊन झाली, तळ पांढरा दिसायला लागला. भरायला घेतली तेव्हा लक्षात आले की पाणी भरल्यावर मोटरला थांबवणारा तरंगता गोळा तडकला आहे. तो तसाच ठेवला तर टाकी भरून वाहणार. बाजारातले ओळखीचे दुकान जेवणाला बंद. तीन वाजले तेव्हा मला कळले की चारला पाणी येणार नाही.

पूर्वीची मी असते तर वाट पाहत बसले असते, काय सांगा, येईलही चारला. या वेळी तीन वाजून दहा मिनिटांनी कळवले: "चारला पाणी येणार नाही. एक सामान बदलावे लागत आहे. साडेपाचला येईल. कमी पडले तर खालचे ड्रम आहेत." आणि चौकीदाराला सोळा दारांवर पाठवले. दिलेली वेळ उलटण्याआधी नवी वेळ सांगितली तर लोक चुकचुकतात आणि कामाला लागतात. उलटून गेल्यावर सांगितली तर जिन्यात उभे राहतात. असरच्या आधी पाच-सहा जण ड्रमाशी बादल्या घेऊन आले. पाणी पाच वाजून वीस मिनिटांनी सुटले. ते सुटल्यावरही कळवले, आणि ज्या घरांना कुलूप होते त्यांच्या बाहेरचे कॉक आधीच बंद करून ठेवले होते ते घरचे आल्यावर उघडले.

गच्चीवर सहा घरांचे सोलर आहेत. त्याचा विचार टाकी धुणाऱ्याने केला, मी नाही. वरची टाकी रिकामी असताना कोणी गरम पाणी वापरले तर सोलरच्या नळ्या कोरड्या पडून उन्हात तापतात, आणि मग थंड पाणी शिरले की काच तडकते. त्याने त्यांचे कॉक सकाळीच बंद केले. पुढच्या कागदात एक ओळ वाढवायची म्हणून मी वहीत लिहून ठेवले.

त्या दिवशी एकच तक्रार आली, आणि ती रास्त होती. तिसऱ्या मजल्यावर रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर राहतात. भाडेकरू आहेत. सोमवारी संध्याकाळी त्या कामावर गेल्या तेव्हा पाणी भरायची वेळ सुरू व्हायची होती, सकाळी अकराला परत आल्या तेव्हा नळ बंद होता. कागद त्यांनी वाचला होता. "बाई, वाचून काय करू? सहा ते दहा मी घरीच नसते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हते. खालच्या ड्रममधून चौकीदाराने चार बादल्या वर नेऊन दिल्या.

एवढे झाल्यावर मी पेपरातल्या पाणीपुरवठ्याच्या सूचना वेगळ्या नजरेने वाचायला लागले. माझी धाकटी बहीण अजून अमरावतीला असते. तिकडे पाणी मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून येते, जीवन प्राधिकरणामार्फत, आणि तिच्या भागात नळ एक दिवसाआड असतो. अशा गावांत दुरुस्तीसाठी किंवा टाकी धुण्यासाठी पुरवठा थांबवायचा असला की पेपरात छापून येते: अमुक तारखेला पाणीपुरवठा बंद राहील, दुसऱ्या दिवशी कमी दाबाने होईल, नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे. महाराष्ट्रात कुठेही जा, हीच वाक्ये. त्यात खोटे काहीच नाही. पण रोज नळ येणाऱ्या गावासाठी ती लिहिलेली आहेत. जिथे पाळीने पाणी येते तिथे "बुधवारी बंद" याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो. ज्याची पाळी बुधवारची, त्याची ती गुरुवारी जाते. मग गुरुवारवाल्याचे काय? त्याला गुरुवारीच मिळणार की शुक्रवारी? सगळ्या गावाची पाळी एक दिवस पुढे सरकली की फक्त बुधवारवाल्यांची? बहीण मला फोन करून हेच विचारत होती, जसे काही वॉल माझ्या हातात आहेत. तिला धरणाशी आणि दुरुस्तीशी देणेघेणे नव्हते. तिच्याकडे नणंदेची माणसे यायची होती आणि ड्रम शुक्रवारपर्यंत पुरवायचा की गुरुवारपर्यंत, एवढेच तिला हवे होते. सूचनेत "बंद" दिवसासोबत भागवार "पुढचा नळ कोणत्या दिवशी" हे छापले असते तर तो फोन झाला नसता.

हे गावासाठी लिहिणे अवघड आहे, मान्य. सोळा घरांना दहा बादल्या सांगता येतात, लाखो माणसांना नाही. मोठी पाइपलाइन रिकामी झाली की ती पुन्हा भरून दाब यायला वेळ लागतो, टोकाच्या घरांना सर्वांत शेवटी पाणी पोहोचते, म्हणूनच ते "कमी दाबाने" लिहितात. पण टोकाच्या घरांना आपण टोकाला आहोत हे माहीत असतेच. "उंच भागात आणि टोकाच्या वस्तीत एक दिवस उशिरा" असे लिहिले तरी त्यांना एक भांडे जास्त भरून ठेवता येईल.

आता ऑक्टोबरची तारीख ठरवायची आहे. सिस्टरसाठी भरण्याच्या वेळेत पहाटे पाच ते सातचीही भर घातली आहे, त्यामुळे रात्री टाकी अर्ध्याऐवजी पाऊण भरून ठेवावी लागेल आणि काम दहाऐवजी साडेदहाला सुरू होईल. सोलरची ओळ आली. काल खाला जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "बेटी, उर्दूवाला कागज इस बार ज़रा नीचे लगाना. पिछली बार मेरी नज़र वहाँ तक पहुँचीच नहीं, पोत्याने पढ़ के सुनाया."